कानातली नागीण आणि वाकडं झालेलं तोंड: गोळी आजच का सुरू करायची

प्रश्न: आई ५८ वर्षांची आहे, शुगरची गोळी चालू आहे. चार दिवस उजवा कान ठणकतोय, आता कानात पाणी भरलेले बारीक फोड दिसतायत आणि काल सकाळपासून तोंड डावीकडे ओढल्यासारखं झालंय, उजवा डोळा मिटत नाही. गावातल्या डॉक्टरांनी कानाचे थेंब दिलेत. सासरे म्हणतात वारं लागलंय, शेजारच्या काकू म्हणतात नागीण आहे, उतरवून घ्या. सोमवारी शहरात दाखवू म्हणतोय, तोवर थांबलं तर चालेल का? घरात माझी ८ महिन्यांची मुलगी पण आहे.

उत्तर:

नाही, सोमवारपर्यंत थांबू नका. आजच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या, ते नसतील तर एमडी मेडिसिनवाल्यांकडे, तेही नसतील तर जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, पण आजच. काकूंचं निदान बरोबर आहे, उपाय चुकीचा आहे. ही नागीणच आहे, फक्त कमरेवर किंवा छातीवर न येता कानात आलीय, आणि कानातल्या नागिणीत चेहऱ्याची नस सापडते म्हणून तोंड वाकडं होतं. १९०७ साली जेम्स रॅमसे हंट नावाच्या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने याचं नीट वर्णन केलं म्हणून फाइलवर 'रॅमसे हंट सिंड्रोम' असं लिहिलेलं दिसेल, नाव बघून घाबरू नका. २०२२ मध्ये जस्टिन बीबरचा अर्धा चेहरा हलत नव्हता तो व्हिडिओ फिरत होता ना, ते हेच.

निघायच्या आधी एक गोष्ट घरीच बघा. आईंना म्हणा भुवया वर करा, कपाळाला आठ्या घाला. उजव्या बाजूला आठी पडतच नसेल, कपाळ सपाट राहत असेल, तर बिघाड बहुधा चेहऱ्याच्या नसेत आहे, मेंदूत नाही. मेंदूच्या झटक्यात बहुतेक वेळा तोंडाचा कोपरा पडतो पण कपाळ हलतं, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम जातो. पण हात किंवा पाय लुळा वाटतोय, शब्द फुटत नाहीयेत, एकाचे दोन दिसतायत, गिळताना ठसका लागतोय किंवा आवाज अचानक घोगरा झालाय यातलं काही असेल तर कपाळाची परीक्षा वगैरे सोडा आणि सरळ मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा.

आता हे होतं का ते सांगतो, कारण हे कळलं की घाई का करायची ते आपोआप कळतं. आईंना लहानपणी कधीतरी कांजिण्या आल्या असणार. कांजिण्या बऱ्या होतात पण त्यांचा व्हायरस शरीरातून जात नाही, तो नसांच्या गाठींमध्ये जाऊन झोपून राहतो, चाळीस चाळीस पन्नास पन्नास वर्षं. वय झालं, शुगर वाढली, मोठं आजारपण झालं, स्टिरॉइड चालू असलं, असं काही कारण मिळालं (कधी कधी काहीच सापडत नाही) की एखाद्या गाठीतला व्हायरस जागा होतो आणि त्या नसेच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. छातीच्या नसेत उठला तर बरगडीवर पट्टा उठतो. चेहऱ्याच्या नसेवर, कानाच्या आत खोल हाडात, अशीच एक छोटी गाठ असते, तिथे उठला तर कानात.

चेहऱ्याची नस म्हटलं की लोकांना वाटतं तिचं काम फक्त चेहरा हलवायचं. पण कानाच्या भोकाबाहेरची जी खोलगट वाटी असते, तिथल्या थोड्या कातडीची संवेदना हीच नस नेते, जिभेच्या पुढच्या भागाची चव पण हीच नेते, आणि डोळ्यातलं पाणी सुटायचा हुकूमही हिच्याच फांदीतून जातो. म्हणून फोड येतात ते बरोबर त्या वाटीत आणि कानाच्या नळीच्या तोंडाशी, कधी टाळूवर किंवा जिभेच्या एका बाजूला. आईंना विचारून बघा, गेले दोन-तीन दिवस चहा बेचव लागतोय का, एका बाजूला धातूसारखी चव येते का, बरेच जण विचारल्यावर हो म्हणतात, आपण होऊन कुणी सांगत नाही. आणि शेजारूनच ऐकण्याची आणि तोल सांभाळायची नस जाते, तिला झळ लागली की कानात गुंई असा आवाज, कमी ऐकू येणं, गरगरणं, उलटी. कुणाला हे सगळं होतं, कुणाला यातलं एखादंच.

खरी अडचण जागेची आहे. ही नस मेंदूकडून चेहऱ्याकडे येताना कवटीच्या हाडातल्या एका नळीतून येते आणि ती नळी सुरुवातीला इतकी अरुंद आहे की आतून एक मिलिमीटरही भरत नाही. व्हायरसमुळे नस सुजली की तिला फुगायला जागाच नाही. बोट सुजल्यावर घट्ट अंगठीचं जे होतं तेच, फक्त इथे अंगठी हाडाची आहे आणि कापून काढता येत नाही. सूज वाढली की नसेचा रक्तपुरवठा दबतो, त्याने आणखी सूज. पहिल्यांदा नस फक्त बधिर होते, म्हणजे तार शाबूत आहे पण करंट जात नाही, या टप्प्यावर दाब कमी झाला तर ती बऱ्यापैकी जशीच्या तशी परत येते. पण दाब आणि व्हायरस दोन्ही चालू राहिले तर आतले धागेच मरायला लागतात, आणि मेलेला धागा मुळापासून पुन्हा वाढत यावा लागतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने. कान ते ओठ हे अंतर मोजा म्हणजे महिने का लागतात ते कळेल.

आता गोळी. असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर, फॅमसायक्लोव्हिर, ही तीन नावं, काम तिघांचं जवळपास एकच. ही औषधं व्हायरसला मारत नाहीत, आणि मेलेली नस जिवंत करत नाहीत, ती फक्त व्हायरसला स्वतःच्या नकला काढू देत नाहीत. औषध पोटात जातं तेव्हा ते निष्क्रिय असतं, व्हायरसने धरलेल्या पेशीत गेल्यावर व्हायरसचंच एक एन्झाइम त्याला चालू करतं आणि मग नक्कल काढायचं काम तिथेच अडतं. म्हणजे जोवर नकला काढणं जोरात चालू आहे तोवरच औषधाला खरं काम आहे. फोडांवर खपल्या धरल्या, व्हायरस आपलं नुकसान करून शांत झाला, त्यानंतर गोळी दिली तर ती अडवणार काय? फायदा नावालाच उरतो. घाई करा असं आम्ही ओरडतो ते यासाठी.

आकडा हवा असेल तर जपानमधल्या मुराकामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९७ चा अभ्यास आम्ही सगळे डोळ्यासमोर ठेवतो. ८० पेशंट, सगळ्यांना असायक्लोव्हिर आणि स्टिरॉइड दिलेलं, फक्त कधी सुरू केलं त्यात फरक. पहिल्या ३ दिवसांत सुरू झालं त्यातल्या ७५ टक्के लोकांचा चेहरा पूर्ण परत आला. ७ दिवसांनंतर सुरू झालं त्यातल्या फक्त ३० टक्के लोकांचा. मधले मधेच, निम्म्याच्या जवळपास. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हा काही चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला ट्रायल नाही, मागच्या नोंदी बघून काढलेला हिशोब आहे आणि पेशंटही थोडेच. पण औषध कसं काम करतं ते माहीत असताना आणि ते बऱ्यापैकी सुरक्षित असताना, काही पेशंटना मुद्दाम आठवडाभर थांबवून बघू असं कोण म्हणणार? मी तरी नाही.

तुमच्या बाबतीत चांगली गोष्ट ही की हे ३ दिवस चेहरा पडल्यापासून मोजलेले आहेत, कान दुखायला लागल्यापासून नाही. कान चार दिवस दुखतोय पण चेहरा कालच पडलाय. म्हणजे तुम्ही अजून त्या वेळेच्या आत आहात, सोमवारपर्यंत थांबलात तर बाहेर जाल. आणि हे वाचणाऱ्या कुणाचे ३ दिवस उलटून गेले असतील तर आता काय उपयोग म्हणून घरी बसू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी पण देतोच, आणि नवे फोड अजून उठत असतील तर त्यानंतरही, कारण नवा फोड म्हणजे व्हायरस अजून चालू आहे.

डोसबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण गडबड इथेच जास्त बघतो. ओठावर जे ताप फुटतात, तो हर्पिस नावाचा वेगळा व्हायरस, त्याला औषध थोडं पुरतं. नागिणीच्या व्हायरसला त्याच औषधाचा बराच मोठा डोस लागतो. असायक्लोव्हिर असेल तर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, ७ ते १० दिवस. पाच वेळा म्हणजे सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा, मोबाइलवर अलार्म लावल्याशिवाय हे कुणाकडून होत नाही. इतक्या वेळा का, तर पोटातून ते फार कमी शोषलं जातं, पाचातला एक भाग जेमतेम रक्तात पोचतो. व्हॅलासायक्लोव्हिर हे त्याचंच सुधारलेलं रूप, शरीरात गेल्यावर त्याचं असायक्लोव्हिर होतं, पण शोषलं जातं निम्म्याच्या वर, म्हणून १ ग्रॅम दिवसातून तीन वेळा पुरतं, साधारण ७ दिवस. थोडं महाग पडतं पण मी शक्यतो तेच लिहितो, कारण पाच वेळांपैकी दुपारची आणि रात्रीची गोळी लोक हमखास विसरतात. तर चिठ्ठीवर २०० किंवा ४०० ची गोळी दोन-तीन वेळा असं दिसलं तर संकोच न करता विचारा, "डॉक्टर, नागिणीसाठी हा डोस पुरेल ना?" आणि फोडांवर लावायचं असायक्लोव्हिरचं मलम हा गोळीला पर्याय नाही, मलम हाडातल्या नसेपर्यंत पोचत नाही.

हे आकडे वाचून मेडिकलमधून स्वतः आणून सुरू करू नका प्लीज, आईंच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण शुगर आहे. हे औषध किडनीतून बाहेर पडतं. किडनी आधीच थोडी मंद असेल, शुगरवाल्यांमध्ये ती पुष्कळदा असते आणि माहीत नसतं, तर डोस कमी करावा लागतो, नाहीतर औषध अंगात साचतं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागतो, नसलेलं दिसायला लागतं, मग घरचे म्हणतात व्हायरस मेंदूत गेला. क्रिएटिनिनची तपासणी काही तासांत होते, साध्या लॅबमध्येही. जुना रिपोर्ट असेल तर तो पिशवीत टाका. गोळ्या चालू असताना पाणी भरपूर, आणि दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन घेऊ नका, दोघांचा भार किडनीवरच येतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि लागलंच तर नसेच्या दुखण्याची वेगळी गोळी, गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन, डॉक्टर देतील. हे दुखणं खरंच साधं नसतं, कानात कुणी तापलेली सळई फिरवतंय असं पेशंट सांगतात, तेव्हा आई ओरडतायत तर त्या नाटक करत नाहीयेत.

दुसरी गोष्ट स्टिरॉइड. नसेची सूज उतरवायला प्रेडनिसोलोन देतात, वजनाच्या हिशोबाने, दिवसाला ६० मिलिग्रॅमपर्यंत, ५ ते ७ दिवस आणि मग हळूहळू कमी करत बंद. यात शुगर वर जाणारच, १८० ची ३०० होणं नवल नाही, म्हणून शुगरच्या डॉक्टरांना आधी फोन करा, काही दिवस गोळी वाढवावी लागेल किंवा थोडं इन्शुलिन घ्यावं लागेल, आणि ग्लुकोमीटर घरात हवाच. शुगर वाढते म्हणून स्टिरॉइड नकोच असं परस्पर ठरवू नका आणि कुणी चालू केलं तर मनाने बंदही करू नका.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. तोंड वाकडं झालं की बहुतेक ठिकाणी 'बेल्स पाल्सी' असं निदान होतं, ज्याला आपल्याकडे वारं लागलं म्हणतात. (वाऱ्याचा यात काही संबंध नाही, खिडकीशी बसून एसटीने प्रवास केला म्हणून नस पडत नाही.) बेल्स पाल्सीत फोड नसतात, दुखणं असलं तरी थोडं, आणि बहुतेक लोक काहीही न करता बरे होतात. तिथे स्टिरॉइड हे मुख्य औषध आणि व्हायरसच्या गोळीचा फायदा नक्की किती यावर वाद आहे. म्हणून कुणी फक्त स्टिरॉइड लिहून देतं. पण नागिणीत एकट्या स्टिरॉइडवर भागत नाही, व्हायरसची गोळी सोबत हवीच. कानात नीट टॉर्च मारून फोड बघितलेच नाहीत तर हा फरक निसटतो. काहींना तर चेहरा आधी पडतो आणि फोड दोन-चार दिवसांनी येतात, काहींना फोड येतच नाहीत, फक्त भयंकर दुखणं आणि पडलेला चेहरा. म्हणून माझा साधा नियम, चेहरा पडलाय आणि त्याच बाजूचा कान खूप ठणकतोय तर फोड दिसोत न दिसोत, नागीण धरून चालायचं आणि पेशंटला दोन दिवसांनी परत बोलावून कान बघायचा.

आणि शुगरवाल्या पेशंटमध्ये उलटी चूक पण होऊ शकते, म्हणून तर कानाच्या डॉक्टरांकडे जा म्हणतोय. शुगर असलेल्यांना कानाच्या नळीचं एक वाईट इन्फेक्शन होतं जे हाडात शिरतं, त्यातही कान रात्र-रात्र ठणकतो आणि शेवटी चेहरा पडतो. पण ते चार दिवसांत होत नाही, कित्येक आठवडे दुखणं आणि पू वाहणं चालू असतं आणि नळीत लालभडक मांस वाढलेलं दिसतं. त्याला महिना-दोन महिने अँटिबायोटिक लागतात आणि तिथे नुसतं स्टिरॉइड दिलं तर आगीत तेल. मायक्रोस्कोपखाली कान बघितला की दोन मिनिटांत फरक कळतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून हे नागिणीसारखंच वाटतं, पण बघणं ते बघणंच, मी इथे बसून कानात डोकावू शकत नाही.

एका पेशंटचं सांगतो म्हणजे प्रत्यक्षात हे कसं चालतं ते कळेल. एसटीत कंडक्टर, वय ४६, शुगर नाही, बीपी नाही. पहिल्या दिवशी डावा कान आणि जबडा दुखायला लागला, त्यांना वाटलं अक्कलदाढ, दाताच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, दाढ ठीक. दुसऱ्या दिवशी मेडिकलवाल्याने कानात टाकायचे थेंब दिले. तिसऱ्या दिवशी रात्री घरी लसणाचं तेल कोमट करून टाकलं, तेव्हा बायकोला कानाच्या वाटीत लालसर कातडीवर साबुदाण्याएवढे सहा-सात फोड दिसले, तिला वाटलं तेलाने भाजलं. चौथ्या दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं आणि आरशात बघितलं तर तोंड उजवीकडे गेलेलं. दुपारी ते माझ्याकडे. कपाळाला आठी शून्य, डोळा जोर लावून मिटला तरी खाली पांढरी फट राहते, गाल फुगवला की हवा निसटते, जिभेच्या डाव्या बाजूला मीठ ठेवलं तर कळत नाही. ऑडिओग्राम काढला, बारीक तीव्र आवाज त्या कानाला कमी ऐकू येत होते, म्हणजे शेजारच्या नसेलाही झळ बसलेली. एमआरआय नाही काढला. फोड आणि चेहरा दोन्ही समोर दिसतायत तर निदान डोळ्यांनीच होतं, तो खर्च मी तेव्हाच करायला सांगतो जेव्हा चित्र जुळत नाही.

व्हॅलासायक्लोव्हिरची पहिली गोळी त्यांनी माझ्यासमोरच घेतली. आठवड्यात फोडांवर खपल्या आल्या, दुखणं निम्मं झालं. पण चेहरा होता तसाच, किंबहुना पहिले दोन दिवस औषध चालू असतानाही थोडा आणखी पडला. हे मुद्दाम सांगतोय, कारण इथेच लोक घाबरून डॉक्टर बदलतात, औषध बंद करतात, कुठेतरी उतरवायला जातात. औषध सुरू झाल्यावर आधीच चढलेली सूज लगेच उतरत नाही. तिसऱ्या आठवड्यात गालात किंचित हालचाल दिसली, मग दोन महिन्यांत डोळा मिटायला लागला, सहा महिन्यांनी बघणाऱ्याला काही कळत नव्हतं, फक्त हसले की डावा डोळा जरासा बारीक होतो. नवीन वाढलेले धागे कधी कधी चुकीच्या स्नायूला जाऊन जोडले जातात, ओठाला जायचा तो डोळ्याला जातो, त्यामुळे हे होतं. ऐकू येणं बरंचसं सुधारलं, पूर्ण नाही.

चेहरा सुधारेपर्यंत सगळ्यात जास्त जपायचा तो डोळा. नस आज ना उद्या सुधारेल, पण न मिटणारा डोळा सुकून बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम झाली आणि तिथे पांढरा डाग पडला तर नजर कायमची जाऊ शकते, आणि यासाठी फार दिवस लागत नाहीत. दिवसा डोळे ओले ठेवायचे थेंब, ज्यांना कृत्रिम अश्रू म्हणतात, ते दर एक-दोन तासांनी, रात्री झोपताना घट्ट मलम घालायचं आणि पापणी बोटाने खाली ओढून वरून मायक्रोपोरची पट्टी आडवी लावायची. नुसता कापसाचा बोळा ठेवून वर पट्टी बांधू नका, आत पापणी उघडते आणि कापूस बुबुळावर घासतो. बाहेर जाताना मोठा चष्मा. डोळा लाल झाला, टोचायला लागला किंवा धूसर दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. आज निघताना वाटेत थेंब घेऊन टाकायला सुरुवात केलीत तरी चालेल, याला चिठ्ठीची वाट बघायची गरज नाही.

व्यायामाचं म्हणाल तर पहिले दोन-तीन आठवडे काही करायची घाई नको. फुगे फुगवा, च्युइंगगम चघळा, जोरजोरात तोंड वेडंवाकडं करा असं सगळे सांगतील. चेहरा ढिला असताना जोर लावला की चांगली बाजूच आणखी ओढते. हालचाल परत यायला लागली की आरशासमोर बसून हळू, एकेक भाग, बोटाचा हलका आधार देऊन, हे चेहऱ्याचं काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. करंटच्या मशीनवर माझा फारसा विश्वास नाही, त्याने नक्की फायदा होतो असं मला कुठे पटण्यासारखं दिसलं नाही.

काकूंच्या उतरवण्याबद्दल. नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो ही समजूत आहे, एका बाजूच्या नसेतली नागीण सहसा शरीराची मधली रेघ ओलांडत नाही, त्यामुळे वेढा पूर्ण होत नाही आणि मंत्र टाकणाऱ्याला श्रेय मिळतं. छातीवरची नागीण आपोआपही बरी होते म्हणून तिथे हे खपून जातं. कानात तसं नाही. गेरू, शाडू, कुठल्या पाल्याचा रस कानात गेला तर फोड चिघळतात, वरून बॅक्टेरियाचं इन्फेक्शन होतं आणि डॉक्टरांना आतलं काही दिसत नाही. काकूंना दुखवायचं नसेल तर गोळी सुरू करून मग त्या काय म्हणतील ते करा, फक्त कानात आणि डोळ्यात काही जाऊ देऊ नका. गावातल्या डॉक्टरांनी दिलेले थेंब पण तूर्त बंद ठेवा, ते बॅक्टेरियासाठी असतात, इथे त्यांचं काम नाही.

दवाखान्यात गेल्यावर आई उलट्या करतायत, गरगरून उभं राहता येत नाहीये, गोळी पोटात टिकत नाही, किंवा फोड कान सोडून अंगावर इतरत्रही उठलेत असं असेल तर भरती करून असायक्लोव्हिर सलाइनमधून देतात, त्याला नाही म्हणू नका.

आणि तुमच्या मुलीबद्दल. नागीण कुणाकडून नागीण म्हणून लागत नाही, पण फोडातल्या पाण्यात जिवंत व्हायरस असतो आणि ज्याला कधी कांजिण्या आल्या नाहीत, लसही झाली नाही, त्याला त्यातून कांजिण्या येऊ शकतात. ८ महिन्यांच्या बाळाची ती लस अजून झालेली नसणार, ती वर्षानंतर देतात. तेव्हा सगळ्या फोडांवर कोरड्या खपल्या येईपर्यंत, साधारण ७ ते १० दिवस, आईंनी बाळाला घेऊ नये, उशी-टॉवेल वेगळा, कानाला हात लागला की साबणाने धुवायचा, कानावर हलकं गॉझ झाकून ठेवलं तर आणखी बरं. घरात कुणी गरोदर असेल आणि तिला कांजिण्या आलेल्या नसतील तर तिने पण लांब राहायचं. गेल्या चार दिवसांत बाळ आजीच्या मांडीवर होतंच असणार, म्हणून पुढचे तीन आठवडे तिच्या अंगावर लक्ष ठेवा, ताप किंवा एखादा पाणीदार फोड दिसला तर बालरोगतज्ज्ञांना सांगा की घरात आजीला नागीण होती. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा त्याला काही मोठा आजार असेल तर मात्र फोड यायची वाट न बघता आजच त्यांना फोन करा.